एकशे सत्त्याऐंशी की एकशे पंच्याऐंशी?

कोल्हापूर हे फुटबॉलवेड्यांचं गाव. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की अर्ध्या शहराचा आवाज बसतो. त्याच गावात शास्त्रीनगरच्या मैदानावर रविवारी सकाळी झाडाखाली टेबल टाकून, पेन्सिलीला टोक काढून बसणारी माझ्यासारखी काही माणसंही आहेत. आम्ही गुणलेखक. बोलताना मात्र सगळे ‘स्कोअरर’च म्हणतात. पेशाने मी बँकेतला माणूस, संगणक यायच्या आधीचा. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय घरी न जाण्याची सवय नोकरीत लागली आणि निवृत्तीनंतर ती क्रिकेटच्या वहीत उतरली. या लेखात तेरीज मांडायची आहे ती एका डावाची. डावाची बेरीज कशी होते, ती फलकाशी कशी ताडून पाहतात आणि ती जुळली तरी नेमकं काय सिद्ध होतं, एवढाच विषय.

सुरुवात एका साध्या सामन्यापासून करतो. चाळीस षटकांचा, लाल चेंडूचा स्थानिक सामना. आमच्या बाजूचा डाव संपला तेव्हा फलकावर १८७ ला ८ असा आकडा होता. फलक म्हणजे लाकडी चौकट, खिळे आणि पत्र्याच्या पाट्या. त्यावर एक शाळकरी मुलगा बसवलेला. मी षटक संपलं की एकूण धावा मोठ्याने सांगायचो आणि तो पाट्या बदलायचा. मध्यंतरात पोरं वडापावकडे गेली आणि मी बेरजेला बसलो. फलंदाजांच्या धावा ४१, १२, ०, ३८, २७, ९, २२, ४ आणि नाबाद राहिलेल्या दोघांच्या ६ व ३. बेरीज १६२. अवांतर : बाय ४, लेगबाय ६, वाइड ११, नोबॉल २, म्हणजे २३. एकूण १८५.

पुन्हा केली. १८५च.

समोरच्या संघाचा कर्णधार पाण्याची बाटली घेऊन तिथेच उभा होता. त्याला दुसऱ्या डावात धावांचा पाठलाग करायचा होता, त्यामुळे दोन धावांचा भाव त्याला चांगला ठाऊक होता. तो म्हणाला, “काका, वहीत एकशे पंच्याऐंशी हाय न्हवं? मग आमाला एकशे शहाऐंशीच पायजेत की.” आमचा कर्णधार म्हणाला, “फळ्यावर सगळ्या गावानं एकशे सत्त्याऐंशी बघितलंय.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आकडा मात्र एकच बरोबर असू शकत होता.

आता हे उलगडण्यासाठी डावाची बेरीज कशी उभी राहते ते थोडं सांगायला हवं. प्रत्येक चेंडूची नोंद गुणलेखक तीन ठिकाणी करतो. पहिली फलंदाजाच्या नावापुढे. धाव बॅटने निघाली नसेल तर तीच नोंद खालच्या अवांतराच्या रकान्यात जाते. दुसरी गोलंदाजाच्या चौकोनात, त्या त्या षटकात. तिसरी चढत्या धावसंख्येत, म्हणजे १, २, ३ असे छापील आकडे ओळीने खोडत जाण्याच्या तक्त्यात किंवा षटकाअखेरच्या एकूण बेरजेत. एकच धाव तीन वाटांनी जाते आणि तीनही वाटा डावाअखेर एकाच आकड्याशी येऊन मिळायला हव्यात. जमाखर्चात एकच रक्कम नावे आणि जमा अशी दोनदा लिहितात, तशी इथे तीनदा.

फलंदाजांची वाट सोपी आहे : सर्वांच्या धावा अधिक अवांतर. यात नवखा माणूस हमखास एक चूक करतो. वर्तमानपत्रात ‘अवांतर २३ (वाइड ११)’ असं छापलेलं असतं आणि तो २३ मध्ये पुन्हा ११ मिळवतो. कंसातला आकडा हा अवांतराचा तपशील आहे, वेगळी रक्कम नव्हे. वाइड हा अवांतराच्याच पोटातला भाग. आमच्या डावात कुणी तसं केलं असतं तर धावसंख्या १९६ झाली असती.

गोलंदाजांच्या वाटेला एक वळण आहे. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत, पण वाइड आणि नोबॉल लागतात, कारण चूक त्याचीच. म्हणून गोलंदाजांनी दिलेल्या धावांत फक्त बाय आणि लेगबाय मिळवायचे की एकूण धावसंख्या यायला हवी. त्या दिवशी पाच गोलंदाजांनी प्रत्येकी आठ षटकं टाकली होती. त्यांनी दिलेल्या धावा ३१, २९, ४४, ३८ आणि ३५. बेरीज १७७. त्यात बाय-लेगबायचे दहा मिळवले की १८७.

म्हणजे गोलंदाजांची वाट आणि चढती धावसंख्या १८७ म्हणत होत्या आणि फलंदाजांची वाट १८५. एवढ्यावरून कौल १८७ कडे झुकतो, पण दोघांचं मत एकाविरुद्ध म्हणून निकाल द्यायचा नसतो. चूक बोट ठेवून दाखवावी लागते. फरक किती आहे यावरून ती कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यावा. १८७ ऐवजी १७८ लिहिलं तर फरक नऊचा पडतो, ही बँकेतल्या कारकुनांची जुनी युक्ती. फरक तीनचा किंवा तीसचा असेल तर फलकावरच्या मुलाकडे बघावं. पत्र्याची सहाची पाटी उलटी टांगली की नऊ होते. आमचा फरक दोनचा होता. दोन धावांची एखादी नोंद राहिली असेल, चाराचे दोन झाले असतील किंवा तिनाच्या जागी एक लिहिला गेला असेल.

बाय आणि लेगबाय दोन्ही वाटांत सारखेच धरलेले असल्याने तिथे शोधून काही उपयोग नव्हता. फलंदाजांच्या ओळी एकेक करून पुन्हा मोजल्या. ४१ म्हणजे ४१च होते. मग राहिले वाइड आणि नोबॉल. वाइडची खूण म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी फुली. वाइडवर फलंदाज पळाले तर जितक्या धावा पळाले तितकी टिंबं त्या फुलीच्या कोपऱ्यांत द्यायची. नियम असा की वाइडची एक धाव दंड म्हणून मिळते आणि त्यावर पळून काढलेल्या धावाही वाइड म्हणूनच जमा होतात. चेंडू सीमापार गेला तर पाच वाइड. गोलंदाजांचे चौकोन पहिल्या षटकापासून बघत गेलो. फुल्या अकराच निघाल्या. पण तेविसाव्या षटकातल्या एका फुलीच्या कोपऱ्यांत दोन टिंबं होती.

तेव्हा आठवलं. चेंडू लेगच्या बाहेरून गेला होता, यष्टिरक्षकाच्या हातून निसटून मागे पळाला आणि फलंदाजांनी दोन धावा घेतल्या. पंचांनी आडवे हात केले. मी गोलंदाजाच्या चौकोनात फुली आणि दोन टिंबं बरोबर दिली, षटकाच्या बेरजेत तीन धरले, पण खाली अवांतराच्या रकान्यात सवयीने एकच काडी मारली. वाइड ११ नव्हे, १३ होते. अवांतर २३ नव्हे, २५. आणि १६२ अधिक २५ बरोबर १८७. फलक खरा निघाला, वही चुकली होती. चूक माझी होती, आणि ती सर्वांसमोर कबूल करायला मला फारसं बरं वाटलं नाही.

समोरच्या कर्णधाराने मान्य केलं, पण एक मार्मिक प्रश्न विचारला. “आमच्या पोराच्या वहीतबी अकराच हायत की. दोघांचं कसं काय चुकलं?” नियमाप्रमाणे सामन्याला दोन गुणलेखक असतात आणि त्यांनी आपापल्या नोंदी वेळोवेळी ताडून पाहायच्या असतात. त्यांचा गुणलेखक म्हणजे बारावा खेळाडू. मधली काही षटकं तो पॅड शोधायला गेला होता. परत आल्यावर माझ्या वहीतून त्याने राहिलेलं उतरवून घेतलं, अवांतराच्या काड्यांसकट. दोन वह्या जुळत होत्या, पण साक्षीदार एकच होता. दुसरा त्याची नक्कल.

त्या दिवसापासून हा मुद्दा माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. फलकाचंही तसंच आहे. प्रेक्षकांना फलक म्हणजे अंतिम सत्य वाटतं, पण फलकावरचा मुलगा स्वतः धावा मोजत नाही. तो माझ्या ओरडण्यावर पाट्या बदलतो. म्हणून फलक आणि वही जुळली याचा अर्थ इतकाच की माझा आवाज त्याच्यापर्यंत नीट पोहोचला. आमचा फलक खरा निघाला कारण मी षटकाची बेरीज गोलंदाजाच्या चौकोनावरून सांगत होतो. अवांतराच्या रकान्यावरून सांगत असतो तर फलकही तितक्याच ठामपणे चुकला असता.

तिन्ही वाटा जुळल्या तरी काही चुका अंगावर पांघरूण घेऊन झोपलेल्या राहतात. चेंडू पॅडला लागून गेला, फलंदाजांनी एक धाव घेतली, पंचांनी गुडघ्याला हात लावून लेगबायची खूण केली, पण गुणलेखकाचं लक्ष नव्हतं आणि त्याने ती फलंदाजाची धाव धरली. फलंदाजाला एक जास्त, अवांतरात एक कमी. गोलंदाजाच्या नावावर एक जास्त, मिळवायच्या लेगबायमध्ये एक कमी. सगळीकडे बेरीज जुळते. तशीच दुसरी, आणि अधिक क्रूर : एकाचा चौकार भागीदाराच्या नावावर लिहिला गेला तर एकूण धावसंख्येला काडीचाही धक्का लागत नाही. तेरीज जुळली म्हणजे खतावणी बरोबर, असं नवा कारकून मानतो. रक्कम बरोबर असून खातं चुकीचं असू शकतं, हे जुना जाणतो. बेरजेचा ताळा उतरवताना झालेली चूक पकडतो, पाहताना झालेली नाही.

आता याच नजरेने कोल्हापूरच्या सर्वात मोठ्या डावाकडे बघू. भाऊसाहेब निंबाळकर यांचा जन्म १९१९ चा, कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनीत केलेला नाबाद ४५२ चा विक्रम तेव्हा जगात सर्वात मोठा होता. निंबाळकर त्याच्यापासून नऊ धावा दूर असताना विश्रांती झाली आणि काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला. संघ निघून गेला. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ वर थांबली. २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापुरातच निंबाळकर गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाला एक दिवस उरलेला असताना. त्यांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही.

ही हकिगत कोल्हापुरात सांगताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्यातला कारकून मात्र दर वेळी ८२६ कडे वळतो. निंबाळकर ४४३, सलामीचे भांडारकर २०५, दोघांचे मिळून ६४८. म्हणजे बाकी १७८ धावा उरलेले फलंदाज आणि अवांतर यांच्यात असल्या पाहिजेत. दोघांची दुसऱ्या गड्यासाठीची भागीदारी ४५५ ची. इथे वाचक अनेकदा फसतात. भागीदारीत त्या काळात पडलेले अवांतरही धरले जातात, म्हणून ४५५ मधून एकाच्या धावा वजा करून दुसऱ्याच्या काढता येत नाहीत. निंबाळकरांच्या डावात ४९ चौकार आणि एक षटकार. ४९ चोक १९६ आणि सहा, म्हणजे २०२. उरलेल्या २४१ धावा पळून काढलेल्या. ४९४ मिनिटं ते मैदानात होते. फलंदाजाची ओळ तपासायची ही एक चांगली रीत आहे. चौकार-षटकार वेगळे मोजायचे, एक-दोन-तीन वेगळे, आणि मग बेरीज.

पण ८२६ चा ताळा आजच्या नियमाने घेतला तर तो जुळणार नाही, आणि घेणारा उगाच जुन्या गुणलेखकाला दोष देईल. १९४८ मध्ये वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या नावावर लागत नसत. ती पद्धत १९८० च्या दशकात बदलली. म्हणून जुन्या धावफलकात गोलंदाजांनी दिलेल्या धावांत फक्त बाय-लेगबाय नव्हे, तर सगळे अवांतर मिळवावे लागतात, तेव्हा एकूण धावसंख्या येते. दुसरंही एक आहे. तेव्हा नोबॉलवर फलंदाजाने चौकार मारला तर फक्त चार मिळत. नोबॉलची वेगळी एक धाव दुसरी कोणतीच धाव निघाली नसेल तरच अवांतरात जाई. सीमापार गेलेला वाइड चारचाच धरत, आजच्यासारखा पाचचा नाही. जुन्या चोपड्या त्या काळच्या मापाने मोजाव्या लागतात, शेर-पायलीचा हिशेब किलोत वाचून चालत नाही.

वाइड-नोबॉल गोलंदाजाच्या धावांत न धरण्याच्या त्या पद्धतीमुळे अवांतराची एखादी धाव निसटणं किती सोपं होतं, याची जगातली सर्वात गाजलेली गोष्ट इंग्लंडमधली आहे. जून १९३२, लेटनचं मैदान. यॉर्कशायरचे हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स एसेक्सविरुद्ध सलामीला खेळत होते. सलामीचा विक्रम ५५४ चा, १८९८ मध्ये चेस्टरफिल्डला यॉर्कशायरच्याच ब्राऊन आणि टनिक्लिफ यांनी केलेला. फलकावर ५५५ लागले. विक्रम मोडला म्हणून सटक्लिफ पुढच्याच चेंडूवर बेफिकीर फटका मारून बाद झाले, डाव घोषित झाला, फलकासमोर उभं राहून छायाचित्रं काढली गेली. आणि मग फलकावरची धावसंख्या एकने खाली आली. ५५४. म्हणजे फक्त बरोबरी. शेवटी नोंदीतून निसटलेला एक नोबॉल सापडल्याचं ठरलं आणि ५५५ पुन्हा लागले. सटक्लिफ ३१३, होम्स नाबाद २२४, मिळून ५३७. बाकीचे १८ अवांतर. त्या अठरांतल्या एका धावेवर विक्रम तोलला गेला. त्या धावेची शंका लोकांनी नंतर अनेक वर्षं बोलून दाखवली, आणि मला ती स्वाभाविक वाटते. निसटलेला नोबॉल गोलंदाजाच्या धावांत दिसला नसता, फलंदाजाच्या ओळीत दिसला नसता. त्याची एकच जागा, अवांतराचा रकाना, आणि चुकला होता तो नेमका तोच.

निंबाळकरांच्या बाबतीत असा वाद कधी झाला नाही, आणि मी तो उकरूनही काढत नाही. पण एक विचार मनात येतो. समजा त्या सव्वाआठ तासांत त्यांचा एखादा चौकार जोडीदाराच्या नावावर लिहिला गेला असता, तर ८२६ ला कळलंही नसतं. दुसऱ्या बाजूने, जोडीदाराचे तीन चौकार त्यांच्या नावावर गेले असते तर फलकावर ते ब्रॅडमनच्या पुढे दिसले असते आणि बेरजेने तेही निमूट मान्य केलं असतं. त्या चुका टाळणारी गोष्ट बेरीज नव्हे. प्रत्येक चेंडूनंतर दोन माणसांनी स्वतंत्रपणे वर बघणं आणि षटक संपल्यावर एकमेकांना हळूच विचारणं, “तुझ्याकडे किती?”, हीच ती गोष्ट. फलंदाज हेल्मेट घालत नव्हते तेव्हा चेहरे तरी ओळखू यायचे. आता आमच्या स्थानिक सामन्यात दोन डावखुरे एकाच रंगाच्या हेल्मेटमध्ये खेळायला लागले की मी दर षटकाला पंचांकडे बघून हात वर करतो.

पंचांचं नाव निघालं म्हणून आमच्या सामन्याकडे परत येतो. नियमाप्रमाणे धावसंख्या बरोबर असल्याची खात्री करून घेण्याची जबाबदारी पंचांची. पाण्याची विश्रांती सोडून प्रत्येक मध्यंतरात आणि सामन्याअखेर त्यांनी गुणलेखकांशी धावा, बळी आणि षटकं ताडून घ्यायची, आणि सामन्याअखेरच्या आकड्यावर एकदा एकमत झालं की निकाल बदलत नाही. आमच्या पंचांनी दोन्ही वह्या मागवल्या, तेविसावं षटक स्वतः बघितलं, दोन्हीकडे ११ खोडून १३ करायला लावले आणि खाली सही केली. मग त्यांनी फलकावरच्या मुलाला हाक मारून सांगितलं, की लक्ष्य १८८.

दुसऱ्या डावात मी अवांतराचा रकाना आधी लिहायचा आणि गोलंदाजाचा नंतर, असं ठरवलं. समोरच्या बारावा खेळाडूलाही टेबलावरून उठू दिलं नाही. त्याचं पॅड त्याच्या मित्राने आणलं. त्यांनी शेवटच्या षटकापर्यंत झुंज दिली आणि चाळीस षटकं संपली तेव्हा फलकावर ९ बाद १८५ होते. मध्यंतरात वही खरी मानली असती तर सामना बरोबरीत सुटला असता. समोरचा कर्णधार टेबलाशी आला, वाकून म्हणाला, “काका, आता आमचीबी बेरीज करा. तिन्ही वाटांनी.” केली. फलंदाज आणि अवांतर १८५, गोलंदाज आणि बाय-लेगबाय १८५, चढती १८५. त्याने तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं, मग तेविसाव्या षटकाचं पान उलटून ती फुली आणि तिची दोन टिंबं आणखी एकदा बघितली आणि हात पुढे केला.